पत्रिकेतला वक्री मंगळ: भारतीय आणि पाश्चात्त्य पद्धतीने कसा वाचायचा

खान्देशात स्थळं पाहायला सुरुवात झाली की दुसऱ्या-तिसऱ्या बोलण्यातच “पोरले मंगय शे का?” हा प्रश्न येतो. आता पत्रिका मोबाइलवर निघते, आणि मंगळापुढे ‘व’ किंवा `R` असं अक्षर दिसलं की घरात आणखी एक धास्ती शिरते. कुणी सांगतं, वक्री मंगळ म्हणजे दुप्पट मंगळ. कुणी सांगतं, वक्री आहे ना, मग दोषच गेला. एवढ्या एका अक्षरावरून जुळत आलेली स्थळं मोडलेली मी पाहिली आहेत, म्हणून हा लेख फक्त जन्मपत्रिकेतल्या वक्री मंगळावर लिहितो आहे. एक पत्रिका घेऊ आणि ती दोन्ही पद्धतींनी शेवटपर्यंत वाचू.

पत्रिका मुद्दाम तयार केलेली आहे, पण तिच्यातलं आकाश खरं आहे. समजा, चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी घरात २७ ऑगस्ट २००३ रोजी संध्याकाळी सव्वासातला मुलगा जन्मला. ही तारीख घेण्यामागे कारण आहे. त्या दिवशी मंगळ पृथ्वीच्या इतका जवळ होता की तेवढी जवळीक सुमारे ६० हजार वर्षांत झाली नव्हती. अंतर साडेपाच कोटी किलोमीटरांहून थोडं जास्त होतं. आणि त्याच दिवशी श्रावणी अमावास्या, म्हणजे पोळा होता.

पहिली पायरी: जन्मवेळ पक्की करा

आपल्याकडे अजूनही पुष्कळ आया जन्मतारीख सणावरून सांगतात. ‘आखाजीच्या दुसऱ्या दिवशी झाला’, ‘पोळ्याला बैल घरी आले तेव्हा झाला’. अशी माहिती मोलाची असते. त्या वर्षीचं पंचांग काढून सणाची तारीख पाहा आणि ती दाखल्यावरच्या तारखेशी ताडून बघा, कारण शाळेत नाव घालताना तारीख बदललेली असण्याची शक्यता असते. आपल्या उदाहरणात आईला पोळ्याची संध्याकाळ आठवते. जळगाव भागात त्या दिवशी सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होता. त्यामुळे बैलांची पूजा आटोपून दिवे लागले तेव्हाचा जन्म म्हणजे सव्वासात, हे पटण्यासारखं आहे.

मंगळ वक्री, म्हणजे उलटा चालणारा, की मार्गी, म्हणजे सरळ चालणारा, हे ठरवायला जन्मवेळ मिनिटापर्यंत लागत नाही, तारीख पुरते. वेळ लागते ती तो कोणत्या स्थानात बसला हे ठरवायला, कारण लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलतं. वक्री असणं त्या वक्री काळात जन्मलेल्या सगळ्यांच्या वाट्याला आलेलं असतं. स्थान मात्र त्या मुलाचं असतं. फलादेश करताना कशाला किती वजन द्यायचं, ते इथेच ठरतं.

दुसरी पायरी: ग्रह खरंच वक्री आहे का, ते सूर्यावरून पाहा

जळगावहून भुसावळकडे जाताना शेजारच्या रुळावरच्या मालगाडीला आपली एक्सप्रेस मागे टाकते, तेव्हा मालगाडी उलटी चालल्यासारखी वाटते. पृथ्वी आतल्या कक्षेतून मंगळाला गाठून पुढे जाते, तेव्हा आकाशात मंगळाचं तसंच होतं. तो खरा मागे जात नाही, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो. आणि पृथ्वी त्याला गाठते तेव्हा सूर्य एका बाजूला, मंगळ दुसऱ्या बाजूला आणि पृथ्वी मध्ये अशी मांडणी असते.

यातून हाताशी ठेवायची कसोटी मिळते. मंगळ वक्री असेल तर तो सूर्यापासून सहाव्या, सातव्या किंवा आठव्या राशीत असायला हवा. राशीच्या कडेला असेल तर पाचव्या किंवा नवव्या राशीत सापडू शकतो. सूर्याच्या शेजारच्या राशीत मंगळ आहे आणि वर ‘व’ लिहिलंय, असं दिसलं तर तारीख चुकीची भरली गेली आहे किंवा लिहिणाऱ्याने घोळ केला आहे. गुरू आणि शनी यांना कसोटी थोडी सैल लागते, ते पाचव्यापासून नवव्या राशीपर्यंत वक्री सापडतात. बुध आणि शुक्र यांना ही कसोटी लावू नका, ते सूर्यापासून लांब जातच नाहीत. सूर्य आणि चंद्र कधीच वक्री होत नाहीत. राहू-केतूंची सरासरी गती नेहमीच उलटी असते, म्हणून त्यांच्यापुढच्या `R` ला काही विशेष अर्थ नाही.

आपल्या मुलाच्या पत्रिकेत सूर्य सिंहेत साधारण १० अंशांवर आणि मंगळ कुंभेत साधारण ११ अंशांवर आहे. मंगळ सूर्यापासून बरोबर सातवा. कसोटी पक्की उतरली.

आता पंचांगातून दोन तारखा टिपून घ्या: मंगळ वक्री कधी झाला आणि मार्गी कधी झाला. २००३ मध्ये तो २९ जुलैला वक्री झाला आणि २७ सप्टेंबरला मार्गी. या ६० दिवसांत तो सुमारे १० अंश मागे सरकला. एरवी तो रोज अर्धा-पाऊण अंश पुढे जातो. जन्माच्या दिवशी मात्र रोज पाव अंशाच्या आसपास मागे येत होता, म्हणजे वक्रीपणाच्या अगदी मध्यावर होता. या तारखा कागदावर ठेवा, त्या पुढे दोन वेळा लागतील.

एक गोंधळ इथेच मिटवू. वर्तमानपत्रात ‘मंगळ वक्री होतोय’ अशी बातमी येते ती आजच्या आकाशाची, म्हणजे गोचराची. जन्मवेळचा मंगळ मार्गी असेल तर त्या बातमीने तुमची पत्रिका वक्री होत नाही.

तिसरी पायरी: भारतीय पद्धतीने बळ मोजा

आपल्याकडे वक्री ग्रहाला चेष्टाबळ, म्हणजे चालीवरून मोजलेलं बळ, मिळतं. षड्बलात प्रत्येक बळ षष्ट्यंशांत मोजतात, आणि चेष्टाबळाची कमाल मर्यादा ६० षष्ट्यंश, म्हणजे एक रूपा. सूर्यासमोर आलेल्या मंगळाला ते जवळपास पूर्ण मिळतं. पण मंगळ एकूण बलवान ठरायला सहाही बळं मिळून ३०० षष्ट्यंश लागतात. म्हणजे वक्रीपणा जास्तीत जास्त गरजेचा पाचवा हिस्सा भरून देतो. उरलेलं स्थान, दिशा, काळ, दृष्टी वगैरेंनी भरावं लागतं. ‘वक्री आहे म्हणजे प्रचंड बलवान’ हे वाक्य ऐकलं की हा पाचवा हिस्सा आठवा.

हे बळ का मानलं गेलं असावं, याचं उत्तर मला आकाशातच दिसतं. वक्री मंगळ पृथ्वीच्या जवळ असतो, सूर्य मावळताना उगवतो, रात्रभर दिसतो आणि वर्षातला सर्वांत तेजस्वी असतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये त्याची प्रत उणे २.९ होती, आकाशातला सर्वांत ठळक तारा व्याधदेखील त्याच्यापुढे फिका होता. उघड्या डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्या माणसाने अशा ग्रहाला दुबळा म्हणणं शक्यच नव्हतं.

पण बळ म्हणजे शुभत्व नव्हे. कल्याणवर्म्याची ‘सारावली’ वक्री शुभग्रहांना महाबली आणि राज्य देणारे म्हणते, तर वक्री पापग्रह माणसाला संकटात टाकतात आणि वणवण फिरवतात, असं सांगते. मंगळ नैसर्गिक पापग्रह आहे. म्हणून पुढचा प्रश्न असा: हे वाढलेलं बळ या लग्नाच्या माणसाचं कोणतं काम करतं?

सव्वासातला कुंभ लग्न आहे. कुंभ लग्नाला मंगळ तिसऱ्या आणि दहाव्या स्थानाचा स्वामी: पराक्रम, भावंडं, हाताची मेहनत आणि कर्म. तो बसलाय लग्नात. समोर सातव्या स्थानात सिंहेत सूर्य, चंद्र, गुरू आणि शुक्र असे चार ग्रह आहेत. लग्नेश शनी मिथुनेत पाचव्या स्थानात. मी याचा अर्थ असा लावीन: मुलगा अंगमेहनतीला आणि स्वतःच्या निर्णयाला घट्ट असेल, काम हातात घेतलं की दुसऱ्याचं फारसं ऐकणार नाही, घाईने सुरू केलेलं पुन्हा मोडून करील. कर्मेश लग्नात बलवान असल्याने माणूस कामावरून ओळखला जाईल. समोर चार ग्रह असल्यामुळे जोडीदार, भागीदार आणि बाजार यांच्याशी त्याची कायम ओढाताण राहील. केळीच्या बागेत स्वतः राबेल, पण व्यापाऱ्याशी भावाची बोलणी करताना पटकन तापेल, असा स्वभाव डोळ्यांसमोर येतो.

उच्च-नीचेचा वाद इथे लागू होत नाही, तरी माहीत असावा. कालिदासाच्या नावावरचं ‘उत्तरकालामृत’ म्हणतं की उच्चीचा ग्रह वक्री असेल तर नीचासारखं फळ देतो आणि नीचीचा वक्री असेल तर उच्चासारखं. मंत्रेश्वराची ‘फलदीपिका’ वक्री ग्रहाला नीच राशीतही बलवानच मानते. नीच ग्रहाबाबत दोघांचं जवळपास जमतं, उच्च ग्रहाबाबत जमत नाही. मी उच्चीच्या वक्री ग्रहाला नीच म्हणत नाही. त्याचं बळ पूर्ण धरतो आणि फळ सरळ रेषेत येणार नाही, एवढंच सांगतो.

आणखी एक समज म्हणजे वक्री ग्रह मागच्या स्थानाचंही फळ देतो. तसं असेल तर आपला मंगळ बाराव्या स्थानाचंही, म्हणजे खर्च, दवाखाना आणि परदेश यांचंही फळ देईल. इथे मघाच्या तारखा कामी येतात. हा मंगळ मागे सरकत कुंभेच्या साधारण ६ अंशांपर्यंत आला आणि तिथूनच मार्गी झाला. मकरेत तो गेलाच नाही. ग्रह त्या वक्री फेरीत खरोखर मागच्या राशीत शिरला असेल तरच मी मागच्या स्थानाचा विचार करतो. इथे करणार नाही.

चौथी पायरी: मंगळदोषाचा प्रश्न वेगळा ठेवा

आपल्या भागात १, ४, ७, ८, १२ या स्थानांत मंगळ असला की मंगळाची पत्रिका म्हणतात. हा मुलगा त्या हिशोबाने मंगळाचा आहे, कारण मंगळ लग्नात आहे. वक्रीपणामुळे यात काय फरक पडतो? दोष स्थानावरून ठरतो, गतीवरून ठरत नाही. अपवादांच्या काही याद्यांत वक्री मंगळाला सूट दिलेली दिसते आणि काही ज्योतिषी तोच मंगळ दुप्पट धरतात. दोन्ही बाजू एकाच अक्षरातून उलट निष्कर्ष काढतात, म्हणून मी त्या अक्षराला या हिशोबात धरत नाही.

मी पाहतो ते असं: मंगळावर गुरूची सातवी पूर्ण दृष्टी आहे, ती दोष सौम्य करणारी मानतात. पण गुरू सूर्याच्या चारेक अंशांत, म्हणजे अस्तंगत आहे, तेव्हा ही सौम्यता अर्धीच धरा. सप्तमेश सूर्य स्वतःच्या सिंह राशीत सप्तमातच आहे, ही जमेची मोठी बाजू. शुक्रही अस्तंगत आहे, ही उणी बाजू. यावरून मी कुटुंबाला सांगीन की मुलीची पत्रिका मंगळाची असली तर उत्तम, नसली तरी स्थळ त्यावरून सोडू नका, दोघांना बोलू द्या. वक्री मंगळ दाखवून कोणी महागडी शांत सुचवत असेल तर ती कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या नियमाने, हे विचारा.

पाचवी पायरी: हे फळ कधी दिसेल

भारतीय पद्धतीत वेळ दशेने काढतात. चंद्र मघा नक्षत्रात, सिंहेच्या आठव्या अंशाच्या आसपास आहे, म्हणून जन्मवेळी केतूची महादशा चालू होती आणि ती साधारण २००६ च्या मध्यापर्यंत चालली. मग शुक्राची २० वर्षं म्हणजे २०२६ च्या मध्यापर्यंत, सूर्याची ६ म्हणजे २०३२ पर्यंत, चंद्राची १० म्हणजे २०४२ पर्यंत, आणि त्यानंतर मंगळाची ७. म्हणजे ज्या मंगळाची आज लग्नासाठी एवढी चर्चा चालू आहे, त्याची महादशा मुलगा चाळिशीला टेकल्यावर येते. त्याआधी लहान अंतर्दशा येतात: सूर्यात मंगळ २०२७ मध्ये सुमारे चार महिने आणि चंद्रात मंगळ २०३३ मध्ये सात महिने. जन्मवेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तर केतूची उरलेली दशा दीड-दोन महिन्यांनी सरकते आणि तिच्यामागून हे सगळे कालखंडही तेवढेच सरकतात. म्हणून तारखा काढून देऊ नका, काळ सांगा.

सहावी पायरी: तोच मंगळ पाश्चात्त्य पद्धतीने

पाश्चात्त्य ज्योतिषी सायन, म्हणजे वसंत संपातापासून मोजलेलं, राशिचक्र वापरतात. २००३ मध्ये ताऱ्यांवरून मोजलेल्या आपल्या निरयन चक्राशी त्याचा फरक जवळपास २४ अंशांचा होता. त्यामुळे आपला कुंभेचा मंगळ त्यांच्या पत्रिकेत मीनेच्या ५ अंशांवर येतो. रास बदलते, वक्रीपणा बदलत नाही. आपल्या चौकटीतून रास आणि त्यांच्या पुस्तकातून अर्थ घेतला की त्यांच्या मीनेच्या मंगळाला कुंभेचं फळ चिकटतं. नेटवरच्या वाचनात हीच चूक सर्वांत जास्त आढळते.

जुन्या पाश्चात्त्य परंपरेत वक्री ग्रह दुबळा धरला आहे. विल्यम लिलीने १६४७ च्या ‘ख्रिश्चन अ‍ॅस्ट्रॉलॉजी’ या ग्रंथात बळाबळाचा जो तक्ता दिला, त्यात मार्गी ग्रहाला अधिक ४ आणि वक्री ग्रहाला उणे ५ गुण आहेत. आपल्याकडे कमाल बळ, तिकडे वजाबाकी. आकाश एकच आहे. आपल्या परंपरेने तेज आणि जवळीक मोजली, त्यांनी चाल मोजली. उलट्या पावली चालणारा ग्रह वचन पाळत नाही, सुरू केलेलं पूर्ण करत नाही, असा त्यांचा रोख.

आधुनिक पाश्चात्त्य ज्योतिषी मानसशास्त्राच्या अंगाने जातात. त्यांच्या मते वक्री मंगळाचा माणूस राग लगेच बाहेर काढत नाही, गिळतो, आणि तो उशिरा किंवा भलत्या ठिकाणी फुटतो. कृतीआधी तो मनात दहा वेळा ती करून पाहतो. दुसऱ्याशी लढण्यापेक्षा स्वतःशी जास्त लढतो. शिवाय वक्री मंगळ सूर्याच्या जवळपास समोरच असतो, म्हणून इच्छा एकीकडे आणि कृती दुसरीकडे, वडील किंवा वरिष्ठ यांच्याशी ताण, हे सूर्य-मंगळ प्रतियोगाचं फळही त्यात मिसळतं. वक्री मंगळाबद्दल सांगितलं जातं त्यातलं बरंचसं या प्रतियोगाचंच असावं, असं माझं मत आहे. आपल्या मुलाच्या पत्रिकेत तर तो जवळपास अंशात्मक आहे.

वेळ काढायची त्यांची रीत मला फार आवडते. जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे आयुष्याचं एक वर्ष. मंगळ जन्मानंतर ३१ दिवसांनी, २७ सप्टेंबरला मार्गी झाला. म्हणून वयाच्या एकतिसाव्या वर्षी, म्हणजे २०३४ च्या सुमारास, त्याचा मंगळ ‘मार्गी होतो’. आत दाबलेली कृती त्या काळात मोकळी होते, नोकरी सोडून स्वतःचा धंदा, वडिलांपासून वेगळा निर्णय, असं काही घडतं, असा अर्थ ते काढतात. हा बिंदू चंद्रातल्या मंगळाच्या अंतर्दशेच्या लगेच नंतर येतो. दोन स्वतंत्र रीतींनी जवळचाच काळ निघाला, तर मी तो अधोरेखित करतो.

मात्र दोन्हींची खिचडी करू नका. ‘चेष्टाबळ पूर्ण आहे पण वक्री असल्याने दुबळा’ हे वाक्य दोन परंपरांचे अर्धे-अर्धे नियम जोडून झालेलं आहे, त्यातून काहीही सिद्ध करता येतं. आधी एक वाचन पूर्ण लिहा, मग दुसरं, आणि शेवटी दोन्हींत काय समान आहे ते पाहा. इथे समान आहे ते असं: कृतीचा जोर मोठा, तो जोडीदार आणि वरिष्ठ यांच्यासमोर अडतो, आणि तिशीनंतर वाट मिळते.

सुटून जाणारी एक गोष्ट: थांबलेला ग्रह

याच पत्रिकेत बुधापुढे `R` दिसणार नाही. पण बुध २८ ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी वक्री झाला. जन्मवेळी तो कन्येच्या २ अंशांवर, उच्च राशीत, जवळपास स्तब्ध उभा होता. अशा स्तंभी ग्रहाकडे दोन्ही परंपरा लक्ष देतात, पण अॅप तो साधा मार्गी म्हणून दाखवतं. म्हणून कोणतीही पत्रिका हातात आली की जन्माच्या आधीचे आणि नंतरचे चार-पाच दिवस पंचांगात चाळा. दिवस-वर्षाच्या रीतीने हा बुध पहिल्या वर्षी वक्री होतो आणि २० सप्टेंबरच्या हिशोबाने चोविसाव्या वर्षी, २०२७ मध्ये, मार्गी होतो. त्याच वर्षी सूर्यात मंगळाची अंतर्दशा आहे. म्हणून मी कुटुंबाला त्या वर्षी जमिनीचे किंवा भागीदारीचे कागद दोनदा वाचून सही करायला सांगीन.

सराव म्हणून घरातल्या लहान मुलांच्या पत्रिका घ्या. २०१८ मध्ये २६ जून ते २७ ऑगस्ट या काळात मंगळ वक्री होता आणि पूर्ण वेळ मकरेत, म्हणजे उच्च राशीत होता. ७ डिसेंबर २०२४ ला तो कर्केत, नीच राशीत वक्री झाला, २०२५ च्या जानेवारीत मागे सरकत मिथुनेत गेला आणि २४ फेब्रुवारीला मार्गी झाला. या दुसऱ्या काळातल्या मुलांसाठी मागच्या स्थानाचा विचार करायला जागा आहे, कारण इथे मंगळाने मागची रास खरोखर गाठली.